नाशिक रोडहून रेल्वेने: अंध आणि कर्णबधिर प्रवाशांनी कागदपत्रांपासून फलाटापर्यंतची तयारी कशी करावी

घरात कुणाची दृष्टी गेली किंवा कुणाला ऐकू येत नसले, तर रेल्वेची सवलत मिळते एवढे बहुतेकांना माहीत असते. ती नेमकी कुणाला मिळते, कोणत्या कागदावर मिळते आणि गाडीत चढेपर्यंत आणखी काय लागते, हे मात्र तिकीट खिडकीवरून परत पाठवले गेल्यावरच कळते. माझे मामा सातपूरला राहतात, वय ५४, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्ण गेलेली आहे. त्यांना वर्षातून तीन-चार वेळा नागपूरला लेकीकडे जावे लागते आणि सोबत मामी असतात. त्यांचे कागद तयार करताना आणि नंतर शेजारच्या एका कर्णबधिर मुलासाठी धावपळ करताना जे समजले, ते येथे क्रमाने मांडले आहे. विमानप्रवासाचे नियम वेगळे आहेत, म्हणून हा लेख रेल्वेपुरता आणि शेवटी थोडा एसटीपुरता ठेवला आहे.

आधी ठरवा: आपण सवलतीत बसतो का?

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे म्हणजे रेल्वेची सवलत आहे, असे समजू नये. दृष्टीच्या बाबतीत रेल्वे पूर्ण अंधत्व धरते. चष्मा लावूनही धूसर दिसणारे, ४० किंवा ६० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेले अल्पदृष्टी प्रवासी तिच्यात बसत नाहीत. ऐकण्याच्या बाबतीत अट याहून कडक आहे. एकाच व्यक्तीला ऐकू अजिबात येत नाही आणि बोलताही येत नाही, अशी दोन्ही व्यंगे एकत्र असावी लागतात. शेजारचा मुलगा १९ वर्षांचा आहे, जन्मतः बहिरा, पण लहानपणापासून वाचाउपचार घेतल्यामुळे तो अडखळत का होईना बोलतो. त्याला रेल्वेची सवलत लागू होत नाही. हे त्याच्या आईला सांगताना मला अवघडल्यासारखे झाले, कारण ज्या मुलाला बोलायला शिकवण्यासाठी त्या घराने वर्षे घातली, त्याच मुलाला त्या बोलण्यामुळेच नियमाबाहेर पडावे लागते. नियम तसा आहे आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालून तो बदलत नाही.

पूर्ण अंध प्रवाशाला द्वितीय श्रेणी, स्लीपर, थर्ड एसी आणि एसी चेअरकारमध्ये मूळ भाड्यावर ७५ टक्के, तर सेकंड एसी आणि फर्स्ट एसीमध्ये ५० टक्के सूट मिळते. राजधानी आणि शताब्दी गाड्यांच्या थर्ड एसी आणि चेअरकारमध्ये ती २५ टक्क्यांवर येते. मूकबधिर प्रवाशाला द्वितीय श्रेणी आणि स्लीपरमध्ये ५० टक्के सूट आहे, वातानुकूलित डब्यांत मात्र नाही. दोघांच्याही बाबतीत सोबतच्या एका व्यक्तीला तेवढीच सूट मिळते. मनमाड-मुंबई मार्गावर रोज जा-ये करणाऱ्यांसाठी हेही सांगितले पाहिजे, की मासिक आणि त्रैमासिक पासावर दोन्ही गटांना ५० टक्के सूट आहे.

पहिली पायरी: यूडीआयडी आणि रेल्वेचा स्वतंत्र दाखला

नव्याने सुरुवात करणाऱ्याची सर्वात मोठी गल्लत इथे होते. यूडीआयडी म्हणजे केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र. त्यासाठी swavlambancard.gov.in वर अर्ज करावा लागतो आणि तपासणी सिव्हिलमध्ये, म्हणजे त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात होते. कार्डावरची पट्टी पिवळी असेल तर दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आतले आणि निळी असेल तर ८० किंवा त्याहून अधिक, हे ओळखायला सोपे आहे. पण सवलतीचे तिकीट काढायला रेल्वेला स्वतःच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यावर सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांची सही लागते. हा नमुना रुग्णालयात छापलेला मिळेलच असे नाही, म्हणून तो आधीच डाउनलोड करून, दोन प्रती छापून सोबत न्यावा. त्यावर सगळ्या प्रकारांच्या ओळी एकत्र छापलेल्या असतात आणि डॉक्टरांनी लागू नसलेल्या ओळी खोडायच्या असतात. अंध व्यक्तीच्या दाखल्यावर दृष्टीचा पूर्ण अभाव आणि मूकबधिर व्यक्तीच्या दाखल्यावर दोन्ही व्यंगे एकत्र असल्याचा उल्लेख शिल्लक राहिला आहे ना, हे केबिनमधून बाहेर पडण्यापूर्वी वाचून घ्यावे.

सही झाली की चार गोष्टी पाहाव्यात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक स्पष्ट हवा, रुग्णालयाचा गोल शिक्का हवा, खाडाखोड असेल तिथे डॉक्टरांची वेगळी सही हवी आणि फोटोवरचा शिक्का अर्धा फोटोवर व अर्धा कागदावर पडलेला हवा. मामांचा पहिला दाखला या शेवटच्या कारणासाठी परत आला होता. शिक्का अगदी ठसठशीत होता, पण पूर्ण फोटोच्या आत बसलेला. फोटो नंतर बदलला असेल असा संशय येऊ नये म्हणून ही अट आहे, हे पटण्यासारखे असले तरी त्या एका शिक्क्यापायी अंध माणसाला पुन्हा रांगेत उभे करावे लागले, याचा राग अजून आहे.

कायमस्वरूपी दिव्यांगत्व असेल तर दाखल्याची मुदत वयावर ठरते. २५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीला तो ५ वर्षे, २६ ते ३५ वयात १० वर्षे आणि ३५ नंतर आयुष्यभर चालतो. मामांचे वय ५४ असल्याने त्यांना हा फेरा पुन्हा करावा लागणार नाही. कॉलेजातल्या मुलाने मात्र मुदत संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: रेल्वेचे ओळखपत्र

केवळ दाखल्यावर खिडकीवरून तिकीट काढता येते. त्यासाठी मूळ दाखला दाखवून त्याची झेरॉक्स आरक्षणाच्या फॉर्मसोबत द्यावी लागते. दर वेळी ही रांग टाळायची असेल आणि घरबसल्या ई-तिकीट काढायचे असेल, तर रेल्वेचे दिव्यांग ओळखपत्र काढणे योग्य ठरते. त्यावर एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक दिल्यावरच आयआरसीटीसीवर सवलत लागू होते. नाशिक रोड स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते, त्यामुळे पूर्वी या कार्डासाठी भुसावळला विभागीय कार्यालयात जावे लागे. आता divyangjanid.indianrail.gov.in वर अर्ज करता येतो.

अर्जाला दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधार आणि फोटो जोडावे लागतात. स्कॅन करताना दाखल्याचे चारही कोपरे आणि शिक्का पूर्ण दिसेल असे पाहावे. मोबाइलने घाईत काढलेल्या फोटोत शिक्क्यातली अक्षरे पुसट येतात आणि अर्ज त्रुटीत पडतो. यानंतर दाखला खरा आहे की नाही याची पडताळणी रेल्वे ज्या रुग्णालयाने तो दिला त्याच्याकडे करते आणि वेळ लागतो तो प्रामुख्याने इथेच. म्हणून लग्नसराई किंवा दिवाळीच्या प्रवासासाठी कार्ड हवे असेल तर काही महिने आधी अर्ज करावा, तोपर्यंत खिडकीचा मार्ग खुला असतोच.

नावाचे स्पेलिंग हा आणखी एक सापळा आहे. मामांच्या आधारवर वडिलांचे नाव पूर्ण होते, दाखल्यावर फक्त आद्याक्षर. अर्ज करण्यापूर्वी सर्व कागदांवर एकच नाव करून घ्यावे, कारण तिकीट कार्डावरच्या नावाने निघते आणि गाडीत तिकीट तपासनीस तेच नाव ताडून पाहतो.

तिसरी पायरी: तिकीट

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. या टप्प्यावर सवलत आणि कोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे. सवलत म्हणजे भाड्यातली सूट. कोटा म्हणजे दिव्यांगांसाठी बाजूला ठेवलेल्या जागा. मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या स्लीपरमध्ये अशा ४ जागा असतात, २ खालचे बर्थ आणि २ मधले. खालचा बर्थ दिव्यांग प्रवाशाला आणि त्याच्या वरचा मधला सोबतीला, अशी त्यामागची कल्पना आहे. संपूर्ण गाडीच्या स्लीपर डब्यांत मिळून चारच जागा असल्याने त्या लवकर भरतात. कोटा भरला म्हणून प्रवास रद्द करण्याचे कारण नाही, कारण सर्वसाधारण कोट्यातून तिकीट काढले तरी सूट तेवढीच मिळते. तत्काळमध्ये मात्र कोणतीही सवलत नाही आणि ऐनवेळी निघणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

हिशेब कसा होतो तो एका उदाहरणाने पाहू. समजा विदर्भ एक्सप्रेसच्या स्लीपरचे नाशिक रोड ते नागपूर मूळ भाडे ४०० रुपये आहे. हा आकडा केवळ सोयीसाठी घेतला आहे. त्यावर ७५ टक्के सूट म्हणजे १०० रुपये उरतात. पण आरक्षण शुल्क २० रुपये आणि सुपरफास्ट अधिभार ३० रुपये यांवर सूट नसते, म्हणून तिकीट १५० रुपयांचे होते. मामा आणि मामी मिळून ३०० रुपये लागतात, तेच सवलतीशिवाय ९०० लागले असते. अंतर जेवढे कमी, तेवढे या शुल्कांचे ओझे जास्त जाणवते. त्यामुळे मुंबईच्या तिकिटावर सूट अपेक्षेपेक्षा कमी वाटली तर खिडकीवर चूक झाली असे लगेच धरू नये.

सोबत्याच्या सवलतीला एक अट चिकटलेली आहे आणि ती नीट समजून घ्यावी. सोबती सवलतीत जातो तो केवळ दिव्यांग प्रवाशाबरोबर. मागच्या खेपेला मामा आणि मामी नागपूरहून एकत्रच परतणार होते आणि मामींनी दोघांचेही परतीचे तिकीट आधीच सवलतीत काढून ठेवले होते. मामांचा मुक्काम वाढला. त्या तिकिटावर मामी एकट्या आल्या असत्या तर ते वैध ठरले नसते, म्हणून ते रद्द करून पूर्ण भाड्याचे नवे काढावे लागले. परतीचा बेत पक्का नसेल तर परतीचे तिकीट नंतर काढणे बरे.

सवलतीचे तिकीट गाडीत बसल्यावर मिळत नाही. अनारक्षित प्रवास असला तरी ते गाडीत बसण्यापूर्वीच काढावे लागते. प्रवासात मूळ दाखला किंवा रेल्वेचे कार्ड जवळ असलेच पाहिजे. ते घरी राहिले तर तिकीट असूनही दंडासह पूर्ण भाडे भरावे लागू शकते. मामी कार्ड पर्समध्ये न ठेवता मामांच्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात, म्हणजे गर्दीत दोघांची चुकामूक झाली तरी ते योग्य माणसाजवळ असते.

चौथी पायरी: नाशिक रोडच्या फलाटावर

गाडी कोणत्या फलाटावर येणार हे उद्घोषणेत सांगितले जाते आणि फलकावर दाखवले जाते. अंध प्रवाशाला पहिल्याचा आधार असतो, कर्णबधिराला दुसऱ्याचा. अडचण होते ती शेवटच्या दहा मिनिटांत फलाट बदलला की. बदल आधी भोंग्यावरून सांगितला जातो आणि लोक पुलाकडे धावू लागतात. एकट्या कर्णबधिर प्रवाशाला हे कळण्याची खूण म्हणजे अचानक उठलेली गर्दी. म्हणून त्याने जिथून सूचनाफलक दिसतो अशाच जागी उभे राहावे, मोबाइलवर एनटीईएस या रेल्वेच्या ॲपमध्ये गाडीची स्थिती उघडून ठेवावी आणि शेजारच्या एका प्रवाशाला गाडीचा क्रमांक दाखवून आपल्याला ऐकू येत नाही, फलाट बदलला तर खूण करा, असे लिहून आधीच सांगावे. शेजारच्या मुलाने यासाठी मराठी आणि हिंदीत दोन-दोन ओळींचा मजकूर छापून कार्ड करून घेतले आहे. तेच कार्ड तो तिकीट तपासनिसालाही दाखवतो, म्हणजे पाठीमागून हाक मारून उत्तर आले नाही म्हणून चिडचिड होत नाही.

मदत हवी असल्यास स्थानक व्यवस्थापक किंवा उपस्थानक व्यवस्थापकाच्या कार्यालयात जावे. गाडीच्या किमान पाऊण तास आधी गेले तर डबा कुठे थांबेल हे सांगण्यापासून हमाल मिळवून देण्यापर्यंतची सोय होऊ शकते. गाडी फलाटावर लागल्यावर केलेली विनंती कुणी ऐकण्याच्या स्थितीत नसतो. हमालाचे दर स्थानकावर लावलेले असतात आणि हे पैसे आपल्याला द्यावे लागतात, ही मोफत सेवा नव्हे. एकट्या अंध प्रवाशाने हमाल केवळ सामानासाठी नव्हे, तर डब्यापर्यंत नेण्यासाठीही घ्यावा आणि ते दर ठरवतानाच स्पष्ट सांगावे.

सोबत जाणाऱ्याने चालण्याची पद्धत घरीच शिकून घ्यावी. आपण अंध माणसाचा दंड धरून त्याला पुढे ढकलतो आणि इथेच चुकतो. त्याने आपला हात कोपराच्या किंचित वर धरायचा आणि अर्धे पाऊल मागे चालायचे. आपला हात खाली-वर झाला की पायरी आली हे त्याला न सांगता समजते. फलाटाच्या कडेलगत उंचवट्यांच्या टाइल्सची पट्टी असते. लांबट उंचवटे म्हणजे वाट आणि गोल टिंबे म्हणजे थांबा, पुढे धोका. मामांची पांढरी काठी टिंबांवर लागली की ते जागीच थांबतात. त्या क्षणी घाईने ओढू नये.

गाडीत चढताना सोबत्याने पुढे व्हावे. वर जाण्यापूर्वी अंध माणसाचा एक हात दाराच्या उभ्या दांडीवर नेऊन ठेवावा, पायऱ्या किती आहेत आणि फलाट व पायरी यांत फट किती आहे, हे एका वाक्यात सांगावे. उतरताना सोबती आधी खाली येतो. नाशिक रोडला गाडी मोजकी मिनिटे थांबते, म्हणून सामान आधी चढवून माणूस मागे ठेवण्यापेक्षा माणूस आधी आणि सामान हमालाकडून नंतर, असा क्रम ठेवावा.

आरक्षण नसेल तर गाडीच्या टोकाला, गार्डच्या डब्याला जोडून दिव्यांगांसाठी स्वतंत्र कप्पा असतो आणि त्यातले स्वच्छतागृह रुंद असते. गाडीनुसार तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला येतो, त्यामुळे आधीच चौकशी करावी. प्रत्यक्षात या कप्प्यात धडधाकट माणसे पाय पसरून बसलेली सापडतात. अशा वेळी भांडण न करता १३९ वर किंवा रेलमदत ॲपवर तक्रार करावी. ॲपवर मजकूर टाइप करून फोटो जोडता येतो, म्हणून बोलून तक्रार करू न शकणाऱ्यांसाठी तोच मार्ग सोयीचा आहे.

पाचवी पायरी: गाडीत

नव्या डब्यांत बर्थचे क्रमांक ब्रेल लिपीतही असतात. क्रमांकाची पट्टी बर्थजवळ कुठे आहे हे एकदा हात लावून दाखवले की पुढच्या वेळी अंध प्रवासी स्वतः शोधतो. जुन्या डब्यांत ही सोय नसते, तिथे दारापासून किती कप्पे ओलांडले हे मोजत जाण्याची सवय कामी येते. जागेवर बसताच दरवाजा कोणत्या बाजूला, स्वच्छतागृह किती कप्पे दूर आणि साखळी कुठे, हे सांगून ठेवावे. सामान बर्थखाली कुठे ठेवले ते त्याच्या हाताला लावून दाखवावे आणि नंतर न सांगता हलवू नये.

रात्रीच्या प्रवासात स्थानक येण्यापूर्वी जागे करणारी सूचना १३९ वरून फोनद्वारे मिळवता येते. मामा ती वापरतात. कर्णबधिराला फोनचा काय उपयोग? त्याने पोहोचण्याच्या वेळेपूर्वी अर्धा तास कंपनाचा गजर लावून मोबाइल उशीखाली ठेवावा आणि गाडी उशिरा धावत असेल तर झोपण्यापूर्वी तो गजर पुढे सरकवावा. शिवाय त्याने मधला किंवा खालचा बर्थ घ्यावा, म्हणजे तपासनिसाला किंवा सहप्रवाशाला हात लावून उठवता येते. सर्वांत वरच्या बर्थवर झोपलेल्या बहिऱ्या माणसाला उठवण्यासाठी लोक ओरडत राहतात आणि स्थानक निघून जाते.

ज्यांना रेल्वेची सवलत नाही त्यांच्यासाठी

शेजारच्या मुलाला रेल्वेत सूट नसली तरी एसटीत आहे. एसटी महामंडळ ४० टक्के आणि त्यापुढील दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र धरते, त्यामुळे बोलता येते की नाही हा प्रश्न तिथे येत नाही. साध्या बसमध्ये प्रवाशाला ७५ टक्के सूट मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर सोबत्याला ५० टक्के. शिवशाहीत हे दर अनुक्रमे ७० आणि ४५ टक्के होतात. पुण्याला परीक्षेला जाताना तो आता एसटीनेच जातो. तिकीट मागतानाच मूळ कार्ड वाहकाच्या हातात द्यावे, कारण पूर्ण भाड्याचे तिकीट एकदा यंत्रातून निघाले की ते बदलून घेणे वाहकालाही अवघड जाते आणि ऐकू न येणाऱ्याला चालत्या गाडीत ते समजावून सांगणे त्याहून अवघड.